बेंड सुटला ओढ्यात, पण गोष्ट सुरू झाली होती टेकडीवर : एका रायझिंग मेनचं प्रकरण

पाच गावांची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना. तलावाच्या काठावर जॅकवेल, म्हणजे पाणी उपसणाऱ्या पंपाची विहीर, तिथून पाणी वर चढवणारी रायझिंग मेन, म्हणजे 300 एमएमची डीआय, अर्थात डक्टाइल आयर्नची पाइपलाइन, 4.8 किलोमीटर, आणि शेवटी फिल्टर प्लांट. सगळे जॉइंट पुश-ऑन, म्हणजे एका पाइपच्या रुंद तोंडात, सॉकेटमध्ये, रबर गॅस्केट बसवून दुसऱ्याचं साधं टोक, स्पिगॉट, आत ढकलायचं, बोल्ट नाही आणि वेल्डिंगही नाही. ऑगस्टमधल्या एका पहाटे या लाइनचा 2340 मीटरवरचा 45 अंशाचा बेंड जॉइंटमधून सुटला आणि पाच गावांचं पाणी पुढे सहा दिवस बंद राहिलं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं होतं, पाइप का फुटला ते बघायला. पण पाइप फुटलाच नव्हता, बेंडही अख्खा होता, साधी चीर नव्हती त्याला. तो नुसता जागचा हलून सॉकेटमधून बाहेर आला होता.

आधी लाइनचा आकार सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जॅकवेलवरच्या प्रेशर गेजची उंची शून्य धरा. तिथून लाइन चढत चढत 1650 मीटरवर एका टेकडीच्या माथ्यावर जाते, तो माथा 41 मीटर उंच. मग उतरून ओढ्यापाशी येते, तिथे उंची 20 मीटर, आणि तिथेच हा बेंड, कारण ओढ्याच्या कडेने लाइन रस्त्याकडे वळते. पुढे परत चढ आणि फिल्टर प्लांटचं तोंड 62 मीटरवर. म्हणजे मध्ये एक माथा आणि त्याच्या पायथ्याशी एक वळण.

साइटवर पोचलो तर ओढ्याच्या काठाला मोठा खड्डा पडलेला, माती वाहून गेलेली, आणि बेंडमागचा थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे बेंडला मागून टेकू देणारा काँक्रीटचा ठोकळा, बाहेरच्या बाजूला सरकून एका अंगावर कललेला. ज्यांनी काम केलं होतं त्यांचा माणूस तिथे होता, त्याचं म्हणणं की ब्लॉक ड्रॉइंगप्रमाणेच घातला आहे, मापं घ्या. मापं घेतली. 90 सेंटीमीटर रुंद, 80 उंच, 80 जाड, ड्रॉइंगमध्ये होतं तेवढंच. माणूस खोटं बोलत नव्हता.

मग मी खाली उतरून दोन गोष्टी बघितल्या. डीआय पाइपच्या स्पिगॉटवर कंपनीतूनच पांढरी खूण येते, पाइप सॉकेटमध्ये कुठवर गेला पाहिजे ते दाखवणारी. बेंडचा एक जॉइंट पूर्ण सुटला होता पण दुसरा अजून अडकून होता, आणि त्या दुसऱ्या जॉइंटची खूण सॉकेटच्या तोंडापासून चार बोटं बाहेर आलेली दिसत होती. स्पिगॉट आत जातो तोच साधारण दहा-अकरा सेंटीमीटर, त्यातला मोठा भाग आधीच गेलेला. दुसरी गोष्ट, ब्लॉकच्या आतल्या अंगाला, जिथून तो सरकला होता तिथे, माती आणि काँक्रीट यांच्यात फट होती आणि त्या फटीत जुना घट्ट बसलेला गाळ होता, गवताच्या मुळ्यासुद्धा खाली गेलेल्या. पहाटे एका दणक्यात ब्लॉक सरकला असता तर फटीत मुळ्या कुठून येतील? म्हणजे ब्लॉक कित्येक महिने थोडा थोडा सरकत होता, त्या पहाटे फक्त शेवटचं अंतर संपलं.

आता जोराचा हिशोब बघू. खूप लोकांची समजूत असते की पाणी वेगाने येऊन बेंडवर आदळतं म्हणून बेंड ढकलला जातो. तसं नाहीये. या लाइनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या थोडा वर, आणि त्या वेगामुळे 45 च्या बेंडवर येणारा धक्का काढला तर जेमतेम साडेतीन किलो भरतो, भाजीच्या पिशवीएवढा. खरा जोर प्रेशरचा असतो आणि तो पाणी थांबलेलं असतानाही असतो. सूत्र हे :

T = 2 × P × A × sin(θ/2)

यात P म्हणजे प्रेशर, A म्हणजे पाइपचं क्षेत्रफळ आणि θ म्हणजे बेंडचा कोन. A काढताना बाहेरचा व्यास घ्यायचा, कारण पाणी गॅस्केटपर्यंत जाऊन स्पिगॉटच्या तोंडावरही दाबतं. 300 एमएम डीआयचा बाहेरचा व्यास 326 एमएम, क्षेत्रफळ 835 चौरस सेंटीमीटर. 45 अंशाला sin चा भाग दुपटीसकट 0.765 येतो. दोन्हींचा गुणाकार केला की दर एक किलो प्रेशरला, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटरला, या बेंडवर साधारण 640 किलो जोर येतो. एवढा एक आकडा डोक्यात ठेवला की पुढचं सोपं आहे.

पंप बंद पण लाइन भरलेली असेल तर बेंडवर प्लांटपर्यंतचं 42 मीटर पाणी उभं असतं, म्हणजे 4.2 किलो प्रेशर, म्हणजे सुमारे 2.7 टन. पंप चालू असताना पुढच्या लाइनचं घर्षण त्यात मिळतं, प्रेशर 4.7 होतं आणि जोर 3 टन. म्हणजे भरलेला टेम्पो रात्रंदिवस त्या ब्लॉकला टेकून उभा आहे असं धरा. आणि पुश-ऑन जॉइंट ओढ अजिबात घेत नाही, गॅस्केट फक्त पाणी अडवतं, पाइप धरून ठेवत नाही. हा सगळा जोर ब्लॉकने घ्यायचा आणि ब्लॉकने तो मागच्या मातीला द्यायचा. शेवटी भार घेते ती मातीच.

ड्रॉइंगमधला ब्लॉक कुणीतरी मुरूम धरून काढला होता. पाठ 0.9 गुणिले 0.8, म्हणजे 0.72 चौरस मीटर. कडक मुरूम आडवा भार चौरस मीटरला दहा टनाच्या आसपास सहज घेतो, म्हणजे या ब्लॉकला सात टन, 3 टनापुढे भरपूर. पण ओढ्याकाठी होती काळी माती. ती मे महिन्यात विटेसारखी कडक असते आणि ऑगस्टमध्ये लोण्यासारखी मऊ. ओली झाली की तीन-चार टनाच्या वर तिच्याकडून अपेक्षा करू नये. 0.72 ला चारने गुणा, 2.9 टन. ब्लॉकच्या स्वतःच्या वजनाचं तळाशी जे घर्षण मिळतं ते ओल्या चिखलावर पाव-अर्धा टन. एकूण सव्वातीन टन धरा. रोजचा जोर 3 टन. म्हणजे पावसाळ्यात हा ब्लॉक रोज काठावर उभा होता आणि जरा कुठे प्रेशर वर गेलं की सरकणारच होता.

बरं, हा सव्वातीन टनाचा हिशोबसुद्धा मूळची न उकरलेली माती धरून आहे. इथे तीही नव्हती. चर जेसीबीने खोदला होता, त्याचं बकेट मोठं, त्यामुळे बेंडपाशी खड्डा दोन मीटरच्या आसपास रुंद झाला. मिस्त्रीने चारही बाजूंनी शटरिंग लावून सुबक चौकोनी ठोकळा ओतला, शटरिंग काढलं आणि ब्लॉक आणि खड्ड्याची भिंत यांच्यात जी हातभर जागा उरली ती त्याच उकरलेल्या मातीने भरून टाकली, ठोकलीसुद्धा नाही. थ्रस्ट ब्लॉकच्या कामात मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक हीच आहे, आणि काम दिसायला इतकं छान दिसतं की तपासणारा फोटो काढून पुढे जातो. मागच्या बाजूला शटरिंग लावायचंच नसतं. काँक्रीट थेट खड्ड्याच्या मूळ भिंतीवर ओतायचं, वेडंवाकडं दिसलं तरी चालेल.

मग हा ब्लॉक लाइनच्या प्रेशर टेस्टला कसा पास झाला, हा प्रश्न तिथल्या उपअभियंत्यांनी विचारला आणि बरोबरच विचारला. टेस्ट मे महिन्यात झाली होती. माती कोरडी, दगडासारखी, भराव सुद्धा ढेकळांनी आवळून बसलेला. त्या दिवशी ब्लॉकने तग धरला. पहिल्या पावसाळ्यात ढेकळं विरघळली, भराव बसला आणि ब्लॉकमागे पोकळी झाली. पहिल्या वर्षी बेंड थोडा सरकला असणार, दुसऱ्या पावसाळ्यात सुटला.

इथवर प्रकरण ब्लॉकचं झालं आणि इथेच फाइल बंद झाली असती, मोठा ब्लॉक घाला, पाणी सुरू करा. पण मला एक गोष्ट खटकत होती की रोजच्या प्रेशरवर काठावर असलेला ब्लॉक त्या पहाटेच का सुटला, त्या पहाटे काय वेगळं झालं. म्हणून जॅकवेलवर गेलो आणि लॉगबुक मागितलं. ऑपरेटर मामांनी वही काढून दिली. दर तासाचं गेज, दर तासाचा फ्लो, अक्षर सुंदर, एक दिवस चुकवलेला नाही. अशी वही मिळाली की निम्मं काम होतं.

जानेवारीत गेज 7.2 आणि फ्लो तासाला 198 घनमीटर. मार्चमध्ये 7.5. मेमध्ये 7.8. जुलैअखेर गेज 8.0 आणि फ्लो 150. मामा म्हणाले, "साहेब, आधी सोळा तासांत टाकी व्हायची, आता एकवीस तास पंप चालवतो तरी गावं ओरडतात. मी सांगितलं होतं वर, तर म्हणाले पंप झिजलाय." पंप खरंच उघडला होता, इंपेलर बदलला होता, खर्चही झाला होता आणि फरक काहीच पडला नव्हता. पडणार कसा? पंप झिजला तर फ्लो कमी होतो आणि त्याबरोबर गेजही खाली येतं, कारण कमी पाणी गेलं की घर्षण कमी. इथे फ्लो कमी होत होता आणि गेज वर जात होतं. याचा अर्थ एकच, पुढे लाइनमध्ये काहीतरी अडलंय. एक तर कुठला व्हॉल्व्ह अर्धवट बंद, किंवा गाळ, किंवा हवा. आणि मध्ये माथा असलेल्या लाइनवर मी पहिला संशय हवेवरच घेतो.

हवेचा हिशोबही करून बघितला. 62 मीटर तर चढायचेच आहेत. 198 च्या फ्लोला या लाइनचं घर्षण नऊ मीटरच्या आसपास आणि वर बेंड, व्हॉल्व्ह वगैरेंचा एखादा मीटर, बेरीज 72, गेज 7.2, जानेवारीचा आकडा चोख जुळतो. फ्लो 150 झाला की घर्षण आणि किरकोळ मिळून सहा मीटरवर येतं, म्हणजे गेज 6.8 हवं होतं. दाखवत होतं 8.0. मधले 12 मीटर कुठे गेले?

ते माथ्यापलीकडच्या उतारावर होते. माथ्यावर हवा साठली की ती पाइपच्या वरच्या अंगाला राहते आणि पाणी तिला पुढच्या उताराकडे ढकलत लांबवतं. त्या उतारावर मग पाइप भरून वाहत नाही, पाणी हवेखालून पन्हाळीसारखं पातळ घसरत जातं, आणि जेवढी उंची ते असं घसरतं तेवढी उंची फुकट गेली. एरवी उतरताना पाण्याने जो दाब परत मिळवला असता तो मिळतच नाही. हवेच्या फुग्याची उभी लांबी 12 मीटर असेल तर पंपाला 12 मीटर जास्त ढकलावं लागतं. आपला उतार 21 मीटरचा आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त उतार हवेने खाल्ला होता. आणि ही हवा येते कुठून तर पाण्यातूनच. पाण्यात साधारण दोन टक्के हवा विरघळलेली असते, वर चढताना दाब कमी झाला की ती बुडबुडे होऊन सुटते. उन्हाळ्यात जॅकवेलची पातळी खाली गेली की भोवऱ्यातून पंपही थोडी ओढतो. आणि आपला पाऊण मीटरचा वेग एवढा नाही की उतारावर फुग्याला खाली ढकलत घेऊन जाईल, तो तिथेच बसून राहतो आणि वाढत जातो.

म्हणून टेकडी चढलो. माथ्यावर साठलेली हवा बाहेर सोडणाऱ्या एअर व्हॉल्व्हचं चेंबर होतं, म्हणजे डिझाइन करणाऱ्याने जागा बरोबर पकडली होती. 80 एमएमचा दोन भोकांचा कायनेटिक व्हॉल्व्ह. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या पाणीपुरवठा संस्थेच्या मॅन्युअलमध्ये हवा आत घेणं आणि सोडणं दोन्ही हवं असेल तर पाइपच्या व्यासाच्या एक-अष्टमांश असा ठोकताळा आहे, 300 ला 40 च्या आत येतं, म्हणजे 80 चा आरामात पुरला असता. पण चेंबरला झाकण नाही, आत गुडघाभर चिखलपाणी, व्हॉल्व्ह त्यात बुडलेला, आणि त्याच्या खालचा, त्याला लाइनपासून तोडणारा स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून चाक तारेने बांधलेलं.

शेजारच्या शेतातले आप्पा आले. त्यांनी काही लपवलं नाही. "सायेब, बांधलंय ते मीच. डिसेंबरपासनं गळत हुतं, रातंदिस पानी. दोन येळा सांगितलं, कुनी आलं न्हाई. माझा कांदा सडला हितं, ह्या पट्ट्यातला समदा. मग काय करू?" मला त्यांचा राग आला नाही. गळणाऱ्या एअर व्हॉल्व्हचा निरोप दोनदा देऊनही कुणी येत नसेल तर शेतकरी दुसरं काय करणार. गळत होता कारण हे तलावाचं कच्चं पाणी, त्यातल्या बारीक गाळाने व्हॉल्व्हचं भोक बंद करणारा चेंडू आणि त्याची रबर सीट यांच्यात थर बसला होता. उघडून धुतलं असतं तर अर्ध्या तासाचं काम, सीट बदलायला दोनशे-तीनशे रुपये. डिसेंबरमध्ये व्हॉल्व्ह बंद झाला आणि गेज वाढायला जानेवारीनंतर सुरुवात झाली, तारखा तंतोतंत बसत होत्या.

आता त्या पहाटेचं. इथे एक बारकावा आहे जो मी आधी स्वतः चुकीचा धरून चाललो होतो. गेज 8.0 झालं म्हणून बेंडवर प्रेशर वाढलं असेल असं मला वाटलं होतं, पण बेंड हवेच्या पुढे आहे, मागे नाही. जादाचे 12 मीटर हवेच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला दिसतात. पलीकडे बेंडवर तर उलट थोडं कमीच, साडेचारच्या आसपास, कारण फ्लो कमी. म्हणजे चालू लाइनवर हवा बेंडला काहीच करत नव्हती. जे केलं ते थांबताना आणि सुरू होताना.

वहीत नोंद होती की रात्री लाइट गेली ती पाच तासांनी आली. पाणी उलटं येऊ न देणारा पंपापुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पासिंग होता, म्हणजे पूर्ण बसत नव्हता, त्यामुळे पाच तास लाइनचं पाणी हळूहळू उलटं जॅकवेलमध्ये गेलं आणि प्लांटकडची वरची लाइन रिकामी झाली. पहाटे लाइट आल्यावर पंप सुरू केला तोही डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून. पुढे अडवायला पाणी कमी, म्हणून पंपाने सुरुवातीला नेहमीपेक्षा जोरात पाणी फेकलं, माथ्यावरची हवा स्प्रिंगसारखी दाबली गेली, मग तिने पुढच्या पाण्याला ढकललं, परत मागे आली, परत ढकललं. माथ्यावरचा व्हॉल्व्ह चालू असता तर त्याने हवा सोडली असती. बंद असल्यामुळे ती आतच नाचली. मामांनी सांगितलं की गेजचा काटा पाच आणि दहाच्या मध्ये झुलत होता आणि मग एकदम खाली पडला. तो पडला तेव्हा ओढ्यात बेंड सुटला.

बेंडवर त्या क्षणी किती प्रेशर होतं ते कुणी मोजलेलं नाही आणि मला ते ठामपणे सांगता येणार नाही. पण फार लागतही नव्हतं. 7 किलो धरलं तरी 640 ने गुणून साडेचार टन होतात, आणि मागे उरली होती सव्वातीन टनाचीही ताकद नसलेली ओली माती.

दुरुस्तीत पहिलं काम हाताने खोदाई. जेसीबी मी बेंडपासून दहा फूट लांब थांबवला. बाहेरच्या बाजूचा सगळा भराव कुदळ-फावड्याने काढत काढत मूळ भिंतीपर्यंत गेलो, तिथे वर काळी माती आणि खाली पिवळा मुरूम अशी मिश्र भिंत लागली. पूर्ण मुरूम नव्हता म्हणून दहा न धरता चौरस मीटरला 5 टन धरले. प्रेशर मात्र रोजचं न धरता 10 किलो धरलं, कारण पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना पंप जास्तीत जास्त जेवढं ढकलू शकतो ते बेंडच्या उंचीवर साडेआठ येत होतं आणि वर थोडी जागा हवी. 640 गुणिले 10 म्हणजे 6.4 टन, दीडपट सुरक्षितता धरून 9.6 टन, भागिले 5, पाठ लागते 1.92 चौरस मीटर. जुन्या ब्लॉकच्या पावणेतीन पट. ब्लॉक 2.2 मीटर रुंद आणि 0.9 उंच केला. उंच करण्यापेक्षा रुंद केलेला बरा, आणि ब्लॉकच्या पाठीचा मध्य पाइपच्या मध्यरेषेवरच आला पाहिजे, नाहीतर ब्लॉक कलतो, जुना कलला तसा. बेंडकडे अरुंद आणि मातीकडे रुंद, पंख्यासारखा. बेंडवर आधी जाड प्लास्टिक गुंडाळलं म्हणजे काँक्रीट चिकटत नाही, आणि दोन्ही सॉकेट काँक्रीटच्या बाहेर मोकळे ठेवले. मिस्त्री म्हणत होता सगळं एकत्र जाम करून टाकू, मजबूत होईल. पण जॉइंट काँक्रीटमध्ये गाडला की पुढे गळती दिसतही नाही आणि दुरुस्तही करता येत नाही.

गावांना पाणी नव्हतं, टँकर चालू होते, दर तासाला फोन. काँक्रीटला सात दिवस द्या म्हणालो असतो तर कुणी ऐकलं नसतं, पण इथे ती गरजही नव्हती. बेंड काँक्रीटला जिथे टेकतो तिथे पूर्ण 6.4 टन आले तरी चौरस सेंटीमीटरला पाचेक किलो पडतात, आणि एम-20 काँक्रीट तीन-चार दिवसांत त्याच्या कितीतरी पट घेतं. म्हणून चार दिवस दिले. रिस्ट्रेन्ड जॉइंट, म्हणजे पाइपला ओढीतही धरून ठेवणारे जॉइंट, वापरले असते तर ब्लॉकच लागला नसता, पण ते मागवायला महिना गेला असता.

लाइन भरताना मी जॅकवेलवर बसलो. डिलिव्हरी व्हॉल्व्ह दाबून फ्लो 21 लिटर सेकंदाला ठेवला, म्हणजे पाइपमध्ये वेग 0.3 मीटर. ओढ्याच्या पुढची अख्खी लाइन रिकामी झालेली, अलीकडचीही अर्धी, त्यामुळे तीन तासांच्या वर गेले. माथ्यावर नवीन सीटचा व्हॉल्व्ह, खालचा स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि तिथे उभ्या केलेल्या पोराने फोनवर आवाज ऐकवला, मोठ्या भोकातून हवा सूं करून जात होती आणि पाणी पोचल्यावर टक् करून चेंडू बसला. जोरात भरलं असतं तर तो टक् दणका झाला असता. हे मोठं भोक फक्त लाइन भरताना आणि रिकामी होताना काम करतं. एकदा प्रेशर आलं की चेंडू दाबूनच बसतो, मग चालू लाइनची हवा छोट्या भोकातून जाते, ते अडीच-तीन मिलीमीटरचं. म्हणून चालू लाइनवर बंद एअर व्हॉल्व्ह उघडून पाच मिनिटं बघायचं आणि काही होत नाही म्हणून परत जायचं, हे चुकतं. तिथे साठलेल्या हवेला त्या भोकातून जायला कित्येक तास लागले असते.

पंप पूर्ण चालू केल्यावर गेज 7.4 आणि फ्लो 190. सगळे खूश. पण जानेवारीत 7.2 होतं, आणि 190 ला तर त्याहून थोडं कमीच यायला हवं होतं. अजून अडीच-तीन मीटर कुठेतरी जात होते. मग दुसऱ्या दिवशी लाइन पायी चाललो, ड्रॉइंगचा एल-सेक्शन, म्हणजे लाइनचे चढ-उतार दाखवणारा उभा छेद, हातात घेऊन. 3900 मीटरवर पाटचारी लागली. ड्रॉइंगमध्ये पाइप पाटाच्या खालून मोरीतून जातो. प्रत्यक्षात मोरी गाळाने भरली म्हणून मार्चमध्ये देखभालीच्या कामात तेवढा तुकडा पाटाच्या भरावावरून नेला होता. लेव्हल लावून बघितलं, भरावावरून पलीकडे उतार बरोबर तीन मीटर. म्हणजे एक नवा माथा तयार झाला होता जो कुठल्याच कागदावर नव्हता आणि तिथे एअर व्हॉल्व्ह असण्याचा प्रश्नच नव्हता. पाइपला सॅडल बसवून चालू लाइनवरच टॅपिंग केलं आणि 50 चा व्हॉल्व्ह लावला. अर्धा तास हवा शिट्टी मारत गेली, मग पाण्याचे चार थेंब, मग शांत. मामांचा फोन आला, "साहेब, काटा बहात्तरवर आला." ते 7.2 ला बहात्तर म्हणतात, मीटरमध्ये.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची सीट पुढच्या आठवड्यात बदलली. पंप सुरू करताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह आधी बंद ठेवून मग हळूहळू उघडायचा हे मामांनी खडूने पॅनलवर लिहून ठेवलंय. माथ्यावरच्या चेंबरला झाकण, तळाला पाणी जायला पाइप आणि कुलूप लागलं, त्याची एक किल्ली जॅकवेलवर आणि दुसरी आप्पांकडे, कारण गळती सुरू झाली तर पहिल्यांदा त्यांनाच दिसणार. नवीन ब्लॉकवर मी एक खिळा बसवला आहे आणि समोर मुरमात रोवलेल्या दगडावर दुसरा, दोघांमधलं अंतर भरण्याच्या दिवशी 1412 मिलीमीटर होतं. यंदाच्या पावसाळ्यानंतर मोजलं तर 1414.